अ तुकडी, ब तुकडी आणि फुगलेली सार्थकता: शाळेतल्या प्रयोगाची आकडेमोड कशी करावी

एम.एड.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध उघडा. संशोधन प्रायोगिक असेल तर विश्लेषणाच्या प्रकरणात हे वाक्य बहुतेक सापडतंच: "प्राप्त टी-मूल्य सारणी मूल्यापेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे." हे वाक्य लिहिण्याआधी काय तपासायचं, त्यासाठी हा लेख आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या शाळांमध्ये प्रयोग करणाऱ्या नव्या संशोधकांबरोबर बसून त्यांचे तक्ते पाहायची वेळ माझ्यावर अनेकदा येते. बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी असतो. प्रयोग तुकड्यांवर झालेला असतो आणि आकडेमोड मात्र सुट्या विद्यार्थ्यांची केलेली असते. टी-मूल्य त्यामुळे फुगतं आणि जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झाल्यासारखं दिसतं.

यासाठी फार मोठं संख्याशास्त्र लागत नाही. सरासरी, प्रमाण विचलन आणि टी-चाचणी येत असेल तर पुढचं सगळं जमेल.

## १. आधी तुकड्या मोजा, मुलं नंतर

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: प्रायोगिक आणि नियंत्रित असे गट पाडताना चिठ्ठी कोणाच्या नावाची निघाली? एकेका मुलाची, की अख्ख्या तुकडीची?

आपल्याकडे उत्तर जवळजवळ नेहमी "तुकडीची" असंच असतं, आणि त्यात गैर काही नाही. मुख्याध्यापक वेळापत्रक मोडून वर्गातली अर्धी मुलं वेगळी बसवू देत नाहीत, आणि त्यांनी तसं देऊही नये. प्रश्न पुढे येतो. टी-चाचणीचं एक गृहीतक असं की प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, म्हणजे एका मुलाच्या गुणांवरून शेजारच्या मुलाच्या गुणांचा काहीच अंदाज बांधता येऊ नये. एका तुकडीत हे खरं नसतं.

का नसतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. तुकडीला गणित शिकवणारे सर किंवा मॅडम एकच. पंचगंगेचं पाणी चढलं की शिरोळ-करवीरकडच्या नदीकाठच्या शाळा बंद होतात, आणि तेव्हा तुकडीतल्या सगळ्यांचाच तो घटक मागे पडतो. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की काही शाळांच्या पटावर नवी मुलं येतात आणि वर्गाची चाल बदलते. कुठे सेमी इंग्रजीची तुकडी वेगळी असते आणि पालक धडपडून मुलांना तिथेच घालतात. चाचणीच्या दिवशी पर्यवेक्षकांनी एक प्रश्न फळ्यावर समजावून सांगितला, तर तो गुण चाळीसही मुलांना मिळतो.

मुलामुलांतले स्वतःचे चढउतार सरासरी काढताना एकमेकांना खोडतात. कोणी आजारी होतं, कोणाचा अंदाज बरोबर लागला, असं सगळं मिळून बरंचसं शून्याकडे जातं. पण अख्ख्या तुकडीला मिळालेला धक्का खोडायला समोर काहीच नसतं. तुकडीत ४० मुलं असोत की ६०, तो सरासरीत जसाच्या तसा उरतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण ती त्याच भांड्यातल्या भाताची. एकाच भांड्यातली चाळीस शितं चाखली म्हणून चाळीस भांड्यांबद्दल बोलता येत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: कागदावर "प्रायोगिक तुकड्या किती, नियंत्रित तुकड्या किती" एवढे दोनच आकडे लिहा. उत्तर "एक आणि एक" असेल, म्हणजे अ तुकडी प्रायोगिक आणि ब तुकडी नियंत्रित, तर इथेच थांबा. या आराखड्यात पद्धतीचा परिणाम आणि तुकडीचा परिणाम वेगळा करणं कोणत्याही सूत्राने शक्य नाही. फरक तुमच्या अध्यापन पद्धतीमुळे पडला, की अ तुकडी मुळातच तशी होती म्हणून पडला, हे सांगायला दुसरी अ तुकडीच नाही. कोणतंही सॉफ्टवेअर हे दुरुस्त करू शकत नाही. माहिती अजून गोळा केली नसेल तर आराखडा बदला. गोळा झाली असेल तर निष्कर्ष "या दोन तुकड्यांत असा फरक दिसला" एवढाच लिहा आणि सार्थकतेचा दावा सोडा.

## २. लागणारी कागदपत्रं आणि माहिती

परवानगी घेतानाच ही यादी जवळ ठेवा. वर्ष संपल्यावर शाळेत पुन्हा जाऊन "ही मुलगी कोणत्या तुकडीत होती" असं विचारणं नकोसं होतं.

- महाविद्यालयाचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. त्यात तुकड्यांची नावं लिहून घ्या.
- पालकांचं संमतिपत्र.
- हजेरीपत्रकावरून तयार केलेली यादी, मुलांच्या नावांऐवजी तुमच्या सांकेतिक क्रमांकांसह.
- प्रत्येक तुकडीला तो विषय कोण शिकवतं याची नोंद. एकच शिक्षक दोन तुकड्यांना शिकवत असेल तर तेही लिहा.
- पूर्व चाचणी आणि उत्तर चाचणीचे गुण, प्रत्येक विद्यार्थ्याचे.
- संगणकावर एक्सेल. पुढे जायचं असेल तर आर किंवा एसपीएसएस.

एक्सेलच्या पत्रकात प्रत्येक ओळ एका विद्यार्थ्याची आणि रकाने कमीत कमी सहा: विद्यार्थी, शाळा, तुकडी, गट, पूर्व चाचणी, उत्तर चाचणी. तुकडीचा रकाना भरताना सगळ्यांत जास्त फसगत होते. प्रत्येक शाळेत अ तुकडी असते. रकान्यात नुसतं "A" लिहिलं की संगणक सगळ्या शाळांची अ तुकडी एकच समजतो आणि आठाच्या जागी दोनच तुकड्या मोजतो. म्हणून शाळेचा संकेत जोडून `K01A`, `K01B`, `K02A` असं लिहा. विश्लेषणाच्या निकालात तुकड्यांची संख्या छापून येते. ती तुमच्या कागदावरच्या संख्येशी जुळते का, हे आधी बघायचं.

## ३. एक उदाहरण, दोन्ही पद्धतींनी

आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशी पत्रकं प्रत्यक्षात येतात. समजा सातवीच्या आठ तुकड्या आहेत, आठ वेगवेगळ्या शाळांतल्या. चिठ्ठ्या टाकून चार प्रायोगिक ठरल्या, चार नियंत्रित. प्रत्येक तुकडीत ४० मुलं, म्हणजे एकूण ३२०. उत्तर चाचणी ५० गुणांची. प्रत्येक तुकडीच्या आतलं प्रमाण विचलन ८ गुण धरू. तुकड्यांच्या सरासऱ्या अशा:

| प्रायोगिक तुकड्या | सरासरी | नियंत्रित तुकड्या | सरासरी |
|---|---|---|---|
| पहिली | २९.० | पहिली | २५.५ |
| दुसरी | २४.५ | दुसरी | २२.० |
| तिसरी | २७.५ | तिसरी | २६.० |
| चौथी | २५.० | चौथी | २२.५ |
| गटाची सरासरी | २६.५ | गटाची सरासरी | २४.० |

फरक अडीच गुणांचा.

नेहमीची पद्धत. १६० मुलं या बाजूला, १६० त्या बाजूला. दोन्ही गट मिळून प्रमाण विचलन ८.१३ येतं आणि फरकाची प्रमाण त्रुटी ०.९१. टी-मूल्य २.५ भागिले ०.९१, म्हणजे २.७५. स्वाधीनता मात्रा ३१८. पी-मूल्य साधारण ०.००६. परिकल्पनेचा त्याग, तोही ०.०१ स्तरावर. मार्गदर्शक खूश, संशोधक खूश.

तुकडी धरून. चिठ्ठी तुकडीची निघाली होती, तर निरीक्षणंही आठच धरू: वरच्या तक्त्यातल्या आठ सरासऱ्या. प्रायोगिक बाजूच्या चार सरासऱ्यांचं प्रचरण ४.५०, नियंत्रित बाजूचं ४.१७, दोन्हींचं मिळून ४.३३. फरकाची प्रमाण त्रुटी म्हणजे ४.३३ ला (१/४ + १/४) ने गुणून आलेल्या संख्येचं वर्गमूळ, १.४७. टी-मूल्य २.५ भागिले १.४७, म्हणजे १.७०. स्वाधीनता मात्रा ८ वजा २, म्हणजे ६. पी-मूल्य साधारण ०.१४.

फरक तोच अडीच गुणांचा, मुलं तीच, पेपरही तेच. पण पहिल्या हिशोबात प्रमाण त्रुटी खऱ्यापेक्षा बरीच लहान धरली गेली. विश्वास मर्यादा लिहिल्या की हे आणखी ठसठशीत दिसतं. पहिल्या पद्धतीने खरा फरक ०.७ ते ४.३ गुणांच्या मध्ये कुठेतरी आहे. दुसऱ्या पद्धतीने तो उणे १.१ ते ६.१ यांच्या मध्ये आहे, म्हणजे नवी पद्धत किंचित नुकसानकारक असण्याची शक्यताही अजून उरते.

दुसऱ्या पद्धतीवर विश्वास बसत नसेल तर हातानेच पडताळा करा. आठ तुकड्यांतून चार प्रायोगिक निवडायचे एकूण ७० मार्ग आहेत. नवीन पद्धतीचा काहीच परिणाम नसता, तर कोणत्याही चार तुकड्या प्रायोगिक ठरल्या तरी सरासऱ्या याच राहिल्या असत्या. मग ७० पैकी किती वाटण्यांत फरक अडीच गुण किंवा त्याहून जास्त पडतो, हे मोजायचं. या उदाहरणात प्रायोगिक बाजू वरचढ ठरते अशा ६ वाटण्या आहेत आणि नियंत्रित बाजू वरचढ ठरते अशाही ६. सत्तरातल्या बारा, म्हणजे ०.१७. चिठ्ठ्यांच्या नुसत्या खेळात साधारण सहात एकदा एवढा फरक पडतोच. पहिल्या पद्धतीचं ०.००६ म्हणत होतं की असं हजारात सहा वेळाच होईल.

याच पडताळ्यातून एक मर्यादाही कळते. दोन्ही बाजूंना तीन-तीनच तुकड्या असतील तर वाटण्या २० होतात. फरक कितीही मोठा पडला तरी या रीतीने पी-मूल्य २/२०, म्हणजे ०.१० च्या खाली जाऊच शकत नाही. चार-चार तुकड्यांना किमान पी-मूल्य २/७०, साधारण ०.०३. म्हणून तुकड्या ठरवतानाच चार-चारच्या खाली उतरू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. चार-चारही तोकड्याच आहेत, पण निदान दार बंद नसतं.

## ४. तुकडीतली मुलं किती सारखी, ते मोजा

हे मोजायचं माप म्हणजे आंतरवर्गीय सहसंबंध. सगळे त्याला आयसीसी म्हणतात, मीही तेच म्हणेन. एकूण प्रचरणापैकी किती हिस्सा तुकड्यातुकड्यांमधल्या फरकाचा आहे, ते तो सांगतो. शून्य असेल तर तुकडीने काहीच फरक पडत नाही. एक असेल तर एका तुकडीतल्या सगळ्या मुलांना सारखेच गुण.

प्रत्येक गटाच्या आत, तुकड्यांमधला वर्ग-माध्य आणि तुकडीच्या आतला वर्ग-माध्य एकमार्गी प्रचरण विश्लेषणातून मिळतो. मग:

आयसीसी = (तुकड्यांमधला − आतला) ÷ (तुकड्यांमधला + (म − १) × आतला)

इथे म म्हणजे एका तुकडीतली मुलं. आपल्या उदाहरणात तुकड्यांमधला वर्ग-माध्य ४० × ४.३३, म्हणजे १७३.३. आतला ८ चा वर्ग, ६४. उत्तर ०.०४१, म्हणजे साधारण ०.०४.

चार टक्के! पाहणारा म्हणेल, एवढ्याशा आकड्याने काय बिघडतंय? बिघडतं ते तुकडीच्या आकारामुळे. पुढचं सूत्र डिझाइन इफेक्टचं:

डिझाइन इफेक्ट = १ + (म − १) × आयसीसी

म्हणजे १ + ३९ × ०.०४१ = २.६. प्रमाण त्रुटीचा वर्ग जेवढा धरला होता त्याच्या २.६ पट खरा आहे. त्याचं वर्गमूळ १.६१. आता मघाचं २.७५ हे टी-मूल्य १.६१ ने भागा: १.७१ येतं. तुकड्यांच्या सरासऱ्यांवरून आलेलं १.७० जवळपास तेच. दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या की आकडेमोड बरोबर झाली असं समजायला हरकत नाही.

दुसरीकडून बघा: ३२० भागिले २.६, म्हणजे सुमारे १२३. तुमची ३२० मुलं माहितीच्या दृष्टीने १२३ स्वतंत्र मुलांएवढीच आहेत; या १२३ ला परिणामी नमुना म्हणतात. आयसीसी ०.०४ असताना आणि खरा परिणाम शून्य असताना नेहमीची टी-चाचणी ०.०५ स्तरावर सुमारे २२ टक्के वेळा "सार्थक" म्हणते. आयसीसी ०.१५ झाला तर सुमारे ४५ टक्के वेळा. आपण समजतो की चुकीचा धोका शंभरात पाचच आहे.

प्रत्यक्षात आयसीसी किती असतो? अमेरिकेतल्या राष्ट्रीय नमुन्यांवरून हेजेस आणि हेडबर्ग यांनी २००७ मध्ये शाळांच्या पातळीवरचे आकडे प्रसिद्ध केले. शैक्षणिक संपादनासाठी ते सरासरी ०.२२ च्या आसपास आहेत. हा आकडा तिथल्या शाळांचा आहे, आपल्या शाळांना जसाच्या तसा लावायचा नाही. तुमचा आयसीसी तुमच्याच पत्रकातून काढा, पण ०.०४ ला "जास्त" समजू नका एवढं त्यावरून कळतं.

दोन सूचना. आयसीसी कधी उणे येतो. नमुना लहान असला की होतं तसं. शून्य धरा, पण त्याचा आधार घेऊन पुन्हा सुट्या मुलांच्या टी-चाचणीकडे वळू नका. आणि "आयसीसी सार्थक नाही, म्हणून तुकडी सोडून दिली" असं लिहू नका. आठ तुकड्यांवर केलेली ती चाचणी इतकी दुबळी असते की बराच मोठा आयसीसीही तिच्या नजरेतून निसटतो.

## ५. विश्लेषण: आपल्या बेताचा मार्ग निवडा

तुकड्यांच्या सरासऱ्या. तुकड्या वीसच्या आत असतील आणि साधारण सारख्या आकाराच्या असतील तर हा मार्ग पुरेसा आहे. मी तरी एम.एड.वाल्यांना दुसरा सुचवत नाही. एक्सेलमध्ये पिव्होट टेबलने प्रत्येक तुकडीची सरासरी काढा, प्रायोगिक सरासऱ्या एका रकान्यात आणि नियंत्रित दुसऱ्यात ठेवा, आणि:

```
=T.TEST(B2:B5, C2:C5, 2, 2)
```

पूर्व चाचणी घेतली असेल तर नुसत्या उत्तर चाचणीऐवजी प्रत्येक मुलाची वाढ (उत्तर वजा पूर्व) घेऊन तिची तुकडीवार सरासरी वापरा. तुकड्या मुळातच पुढे-मागे असतील तर तो फरक बराचसा निघून जातो आणि सरासऱ्यांमधला विखुरलेपणा कमी होतो. याचा फायदा मुलांची संख्या वाढवण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

बहुस्तरीय प्रतिमान. पीएच.डी. असेल, तुकड्या लहानमोठ्या असतील किंवा मुलांच्या पातळीवरचेही घटक घ्यायचे असतील तर हा मार्ग. आरमध्ये, पत्रक `d` या नावाने घेऊन आणि गट, पूर्व चाचणी, उत्तर चाचणी, तुकडी या रकान्यांना `gat`, `pre`, `post`, `tukadi` अशी नावं देऊन:

```r
library(lmerTest)
m <- lmer(post ~ gat + pre + (1 | tukadi), data = d)
summary(m, ddf = "Kenward-Roger")
```

`(1 | tukadi)` या भागामुळे प्रतिमान प्रत्येक तुकडीला स्वतःची उंची देतं. शेवटच्या ओळीतला `Kenward-Roger` गाळू नका. तुकड्या थोड्या असताना स्वाधीनता मात्रा त्यानेच जागेवर येते. त्यासाठी `pbkrtest` हे पॅकेज बसवलेलं असावं लागतं. निकालात गटाच्या ओळीत स्वाधीनता मात्रा ३१० च्या घरात दिसली तर काहीतरी चुकलंय. ती तुकड्यांच्या संख्येच्या आसपास, म्हणजे पाच-सहा अशी यायला हवी. एसपीएसएसमध्ये हेच काम `Analyze > Mixed Models > Linear` मधून होतं.

क्लस्टर-रोबस्ट प्रमाण त्रुटी. प्रतिमान साधंच ठेवून प्रमाण त्रुटी तेवढी तुकडीवार दुरुस्त करायची, ही अर्थशास्त्राकडून आलेली सवय. चाळीस-पन्नास तुकड्या असतील तर चांगली. आठ-दहा तुकड्यांवर साधं रूप वापरलं तर ते स्वतःच प्रमाण त्रुटी कमी दाखवतं, म्हणजे ज्या रोगावर औषध घेतलं तोच पुन्हा. लहान नमुन्यासाठी सुधारलेलं रूप आरच्या `clubSandwich` मध्ये आहे.

तुकडीचा मुद्दा नवीन नाही आणि फक्त विद्यार्थ्यांच्या प्रबंधांपुरता नाही. नेव्हिल बेनेट यांचं इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांवरचं १९७६ चं संशोधन तिथे खूप गाजलं. औपचारिक पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त प्रगती करतात, असा त्याचा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून चर्चिला गेला. अभ्यासात शिक्षक होते ३७, विश्लेषण मात्र सुट्या मुलांचं होतं. १९८१ मध्ये मरे एटकिन आणि सहकाऱ्यांनी तुकड्यांचा विचार धरून आणि शिक्षकांची वर्गवारी नव्याने करून तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा पद्धतींमधले फरक सार्थक राहिले नाहीत. त्या फेरतपासणीच्या एका लेखाचे बेनेट स्वतः सहलेखक होते, हे मला आवडतं.

## ६. पुढच्या प्रयोगाचा आराखडा

परवानगीची पत्रं अजून गेली नसतील तर हा भाग तुमच्यासाठी.

मुलं तेवढीच ठेवून तुकड्या वाढवा. ३२० मुलं आठ तुकड्यांतून ४०-४० घेण्याऐवजी सोळा तुकड्यांतून २०-२० घेतली तर डिझाइन इफेक्ट २.६ वरून १.८ वर येतो. परिणामी नमुना १२३ ऐवजी सुमारे १८० मुलांचा होतो आणि स्वाधीनता मात्रा ६ ऐवजी १४. प्रयोग पूर्ण तुकडीवरच करायचा. फक्त चाचणीचे पेपर तपासायला प्रत्येक तुकडीतून यादृच्छिक वीस मुलं निवडायची. पेपर तपासायचा त्रास तेवढाच, पण शाळांच्या चकरा वाढतात. कागलहून गगनबावड्याला जायचं म्हटलं की संशोधक हिशोब घालतो, ते समजण्यासारखं आहे. पण या हिशोबात एक भिंत आहे. तुकड्या ठरलेल्या असतील तर मुलं कितीही वाढवा, परिणामी नमुना तुकड्यांची संख्या भागिले आयसीसी याच्या पुढे जात नाही. आठ तुकड्या आणि आयसीसी ०.२२ असेल तर ती भिंत ३६ मुलांवर येते. मग तुकडीत ४० मुलं असोत की ४००.

एकाच शाळेतल्या दोन तुकड्या घेऊन एक प्रायोगिक आणि एक नियंत्रित केली तर शाळेशाळेतला फरक आपोआप निघून जातो. अशा आठ शाळा मिळाल्या तर आठ जोड्या होतात, विश्लेषण जोडीच्या टी-चाचणीने होतं आणि स्वाधीनता मात्रा ७ राहते. आराखडा छान आहे, पण अ तुकडीच्या कृतिपत्रिका संध्याकाळी शिकवणीत ब तुकडीच्या हातात पडतात, आणि दोन्ही तुकड्यांना शिकवणारे सर एकच असले तर नवी पद्धत त्यांच्या नकळत दुसऱ्या तुकडीतही शिरते. याला आळा घालता येत नसेल तर वेगळ्या शाळा घ्या.

दोन सापळे आकडेमोडीने सुटत नाहीत. कोणती तुकडी प्रायोगिक करायची हे मुख्याध्यापकांवर सोडलं तर ते बहुधा "अ घ्या, मुलं ऐकतात" असं म्हणतात. चिठ्ठी तुमच्या हाताने टाका, शक्यतो त्यांच्यासमोर. आणि प्रायोगिक तुकड्यांना तुम्ही स्वतः शिकवलं आणि नियंत्रित तुकड्यांना नेहमीच्या शिक्षकांनी, तर तपासली जाते ती तुमची अध्यापन पद्धत नव्हे, तुम्ही.

## ७. प्रबंधात कसं लिहायचं

नमुन्याच्या भागात मुलांच्या आधी तुकड्यांची संख्या लिहा. विश्लेषणात आयसीसी, डिझाइन इफेक्ट आणि स्वाधीनता मात्रा द्या. आपल्या उदाहरणाचा मजकूर असा होईल:

"आठ शाळांमधील प्रत्येकी एक, अशा आठ तुकड्या (३२० विद्यार्थी) यादृच्छिकपणे दोन गटांत विभागल्या. विभागणी तुकडी पातळीवर असल्याने तुकडी हे विश्लेषणाचे एकक मानले. आयसीसी ०.०४, डिझाइन इफेक्ट २.६. प्रायोगिक गटाची सरासरी २.५ गुणांनी जास्त आढळली (९५ टक्के विश्वास मर्यादा −१.१ ते ६.१; टी = १.७०, स्वाधीनता मात्रा ६, पी = ०.१४). उपलब्ध तुकड्यांच्या संख्येवर शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही."

"त्याग करता येत नाही" याचा अर्थ "पद्धत निरुपयोगी आहे" असा लावू नका. सहा गुणांचा फायदाही या मर्यादांच्या आत बसतो. एवढ्या तुकड्यांवरून ठरवता येत नाही, इतकंच ते वाक्य सांगतं.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षक हमखास विचारतात: "विद्यार्थी ३२० आणि स्वाधीनता मात्रा फक्त ६?" पाठांतर नको. तिसऱ्या टप्प्यातला आठ सरासऱ्यांचा तक्ता समोर ठेवा आणि सांगा, "सर, चिठ्ठ्या आठच टाकल्या होत्या." परीक्षकांना आणखी खात्री हवी असेल तर सत्तर वाटण्यांची यादी परिशिष्टात जोडलेली असू द्या. ती दोन पानांत मावते.